मुलीचा मायनस अडीच, माझा प्लस दीड

एकाच दिवशी, एकाच खुर्चीवर बसून आम्हा दोघींचे नंबर निघाले, लेकीचा मायनस 2.50 आणि माझा प्लस 1.50. दहावीला भिंगांचा धडा मी दरवर्षी शिकवते, बहिर्वक्र, अंतर्वक्र, किरणाकृती, डायॉप्टर, सगळं फळ्यावर काढून हात बसलाय. पण तेच सगळं आपल्या पोरीच्या डोळ्यावर कसं लागू पडतं हे शेजारी बसून बघायला मिळालं, आणि डॉक्टर अशा भेटल्या की विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला थांबून उत्तर देणाऱ्या, म्हणून जरा सविस्तरच लिहितेय. कारण नंबर किती हे सगळ्यांना पाठ असतं, पण तो नंबर म्हणजे नेमकं कशाचं माप हे वर्षानुवर्षं चष्मा लावणाऱ्यांनाही कुणी सांगितलेलं नसतं.

आम्ही हर्णैचे. लेक सातवीत. बंदरावर गेलो की होड्यांच्या नाळेवरची नावं वाचायचा तिला लहानपणापासून नाद, आणि गेल्या पावसानंतर ती नावं वाचताना डोळे बारीक करायला लागली. स्टँडवर एसटीचा बोर्ड वाचतानाही तेच. डोळे बारीक केले की पापण्यांच्या फटीतून थोडेच किरण आत जातात, कडेने येणारे आणि जास्त भरकटणारे किरण अडतात, म्हणून चित्र थोडं नीट दिसतं. पोरं हे कुणी न शिकवता करतात, त्यामुळे डोळे बारीक करणारं मूल दिसलं की मी तरी लगेच तपासायला सांगते. माझं उलटं होतं. लांबचं मला स्वच्छ दिसतं, सुवर्णदुर्गाच्या तटावरची झुडपं सुद्धा दिसतात, पण संध्याकाळी पेपर तपासायला बसलं की अर्ध्या तासात कपाळ आणि भुवया दुखायला लागायच्या, अक्षरं मध्येच पुसट व्हायची, मान वर करून लांब बघितलं की बरं वाटायचं. चाळिशीला अजून वेळ आहे मला, 38 चालू आहे.

दिवाळीच्या सुट्टीत दापोलीला गेलो. आधी ते कम्प्युटरवर डोळे तपासायचं मशीन, हनुवटी टेकवून आत बघायचं, लांब रस्त्याच्या टोकाला एक रंगीत फुगा दिसतो आणि तो मध्येच धूसर होतो. तो धूसर करतात तो मुद्दाम, म्हणजे बघणाऱ्याने डोळा ताणू नये, सैल सोडावा. तरी लेकीचा आकडा आला मायनस 3.25. मी तो आकडा बघून बसले होते, पण डॉक्टर म्हणाल्या, "बाई, हा धरू नका, पोरांचा डोळा आत काय काय करत असतो, आधी आपण पट्टीने बघू."

आणि खरंच पट्टी काढली, आपली साधी फूटपट्टी. एक डोळा झाकून लेकीला बारीक अक्षरांचं कार्ड वाचायला दिलं, आणि कार्ड हळूहळू लांब नेत गेल्या. "अक्षर फुटायला लागलं की सांग हं." चाळीस सेंटीमीटरच्या आसपास तिने थांबवलं. त्याच्या आत सगळं कोरल्यासारखं, त्याच्या पुढे धुकं. मग डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 100 भागिले 40, बरोबर 2.5. हाच नंबर! डायॉप्टर म्हणजे एवढंच, मीटरमधलं अंतर उलटं करायचं. मायनस अडीचच्या डोळ्याला चष्म्याशिवाय चाळीस सेंमीपर्यंतच जग स्वच्छ असतं. मायनस एक असेल तर एक मीटरपर्यंत, मायनस पाच असेल तर फक्त वीस सेंमीपर्यंत. हे मी शिकवते त्या सूत्रातच आहे, पण पोरीच्या नाकासमोर पट्टी धरलेली बघितल्यावर ते जसं मनात बसलं तसं फळ्यावर कधी बसलं नव्हतं.

हे का होतं ते आधी सांगते. डोळ्यात प्रकाश वाकवायचं मुख्य काम पुढचा पारदर्शक पडदा करतो, पारपटल, सगळ्या डोळ्याची ताकद साधारण 60 डायॉप्टर धरली तर त्यातली दोन तृतीयांश त्याची. आतलं भिंग उरलेलं काम करतं. पारपटलाला ही ताकद मिळते ती बाहेर हवा आहे म्हणून. समुद्रात बुडी मारून डोळे उघडले की सगळं अंधुक दिसतं ना, त्याचं कारण हेच, पाणी आणि पारपटल प्रकाशाच्या दृष्टीने जवळपास सारखेच, मग किरण वाकणार कुठे? पाण्याचा गॉगल लावला की डोळ्यापुढे पुन्हा हवा येते आणि दिसायला लागतं. तर लांबून येणारे किरण जवळजवळ समांतर येतात, नॉर्मल डोळा ते वाकवून बरोबर मागच्या दृष्टिपटलावर एकत्र आणतो. डोळ्याची पुढून मागे लांबी साधारण 24 मिलिमीटर. माझ्या लेकीसारख्या डोळ्यात ती लांबी वाढलेली असते, आणि एक मिलिमीटर वाढली तर अडीच-पावणेतीन नंबर येतो. एक मिलिमीटर फक्त! किरण एकत्र येतात ते या मागच्या पडद्याच्या अलीकडेच, आणि पडद्यापर्यंत पोचेतो पुन्हा पसरतात, म्हणून धुरकट. जवळच्या वस्तूचे किरण मात्र मुळातच पसरत येतात, त्यांना एकत्र यायला जास्त अंतर लागतं, म्हणून जवळचं नीट पडद्यावर पडतं.

आता चष्म्याचं काम. मायनसची काच मध्ये पातळ, कडेला जाड. प्रकाश काचेतून जाताना जाड बाजूकडे झुकतो, म्हणून मायनसमधून किरण बाहेरच्या बाजूला पसरतात, आणि प्लसमध्ये मध्यभाग जाड म्हणून आत झुकतात. अगदी मधून जाणारा किरण सरळ जातो, आणि मध्यापासून जेवढं लांब जाल तेवढं वाकणं जास्त. किती जास्त तेही नंबरच सांगतो. अडीच नंबरच्या काचेत मध्यापासून एक सेंमी अंतरावरून गेलेला किरण पुढे एक मीटर जाईपर्यंत आपल्या वाटेपासून अडीच सेंमी सरकतो. म्हणजे लांबून समांतर आलेले किरण मायनस अडीचमधून गेले की असे पसरतात की मागे रेषा वाढवल्या तर त्या काचेच्या पुढे चाळीस सेंमीवर मिळतील. डोळ्याला वाटतं की वस्तू चाळीस सेंमीवरच आहे, आणि तिथपर्यंतचं तर त्या डोळ्याला स्वच्छ दिसतंच! डोळा आहे तसाच राहतो, फक्त लांबचं जग त्याच्या आवाक्यात आणून ठेवलं जातं. मायनसच्या चष्म्यातून जग किंचित लहान दिसतं आणि बाहेरून बघणाऱ्याला त्या माणसाचे डोळेही बारीक दिसतात, ते याच पसरण्यामुळे.

मग थेंब घातले. पोरांच्या आतल्या भिंगाभोवतीचा स्नायू फार तरतरीत असतो, तो आवळला की भिंग फुगतं आणि ताकद वाढते, जवळचं बघायला निसर्गाने केलेली सोय आहे ती. पण तपासताना तो आवळलेला राहिला तर मायनस नंबर आहे त्यापेक्षा जास्त येतो, मशीनचे सव्वातीन असेच आलेले. थेंबांनी तो स्नायू काही तास सुस्त पडतो आणि बाहुली मोठी होते. थोडं झोंबतं, आणि मग उजेड सहन होत नाही, परत येताना पोरगी एसटीत माझी ओढणी डोळ्यावर घेऊन बसली होती.

थेंब चढल्यावर खोलीत अंधार केला, लेकीच्या नाकावर ती गोल ट्रायल फ्रेम चढवली आणि डॉक्टर हातात रेटिनोस्कोप घेऊन तिच्यापासून हातभर अंतरावर बसल्या. त्यातून उजेडाची एक उभी पट्टी बाहुलीत जाते आणि आतून लालसर केशरी चमक परत येते. मला मागून वाकून बघू दिलं त्यांनी. पट्टी उजवीकडे सरकवली की आतली चमक डावीकडे पळत होती. उलटी चाल म्हणजे डोळ्याची स्वच्छ दिसण्याची हद्द डॉक्टरांच्या बसण्याच्या जागेच्या अलीकडे आहे. मग फ्रेममध्ये मायनसच्या काचा एकेक वाढवत गेल्या, आणि मायनस एकला चमक कुठेच पळेना, अख्खी बाहुली एकदम उजळली. मायनस एक? मी विचारलंच. त्या म्हणाल्या, "मी सदुसष्ट सेंमीवर बसलेय ना बाई, त्याचा दीड यातून वजा करायचा." उणे एक वजा दीड, उणे अडीच. फूटपट्टीने जो आकडा आला तोच, पोरीला काही न विचारता, नुसत्या परतलेल्या उजेडावरून! म्हणूनच न बोलता येणाऱ्या तान्ह्या बाळाचा नंबरही काढता येतो.

थेंबांचा असर पूर्ण उतरल्यावर परत बोलावलं होतं, आणि मला वाटतं ही दुसरी खेप कुणीच टाळू नये. भिंतीवर तक्ता, आरशातून बघायचा, कारण खोली छोटी असली तरी आरशामुळे अंतर दुप्पट होऊन सहा मीटर भरतं. मायनस अडीचला तिने शेवटची ओळ वाचली. मग डॉक्टरांनी मायनस तीन घातला तर पोरगी म्हणते, "हे जास्त काळंकाळं दिसतंय, हेच छान आहे, हेच द्या." इथेच खूप ठिकाणी घोळ होतो. मायनस गरजेपेक्षा जास्त झाला की किरण पडद्याच्या मागे जायला बघतात, मुलाचं भिंग फुगून त्यांना ओढून पुढे आणतं, अक्षर बारीक आणि ठसठशीत दिसतं आणि मुलाला ते आवडतं. पण दिवसभर तो स्नायू उगाच आवळलेला, मग डोकेदुखी. हे ओळखायला लाल-हिरवा तक्ता असतो. हिरवा प्रकाश डोळ्यात लाल प्रकाशापेक्षा किंचित जास्त वाकतो, म्हणून हिरव्याचा फोकस थोडा पुढे आणि लालचा थोडा मागे पडतो. नंबर बरोबर असेल तर दोन्हीकडची अक्षरं सारखी दिसतात, लालमधली जास्त ठळक दिसली तर मायनस कमी पडतोय, हिरव्यामधली ठळक तर मायनस जास्त झालाय. तीनला तिने हिरवं सांगितलं, अडीचला म्हणाली दोन्ही सेम. अडीचवर शिक्का.

मग माझी पाळी. मी तक्ता शेवटपर्यंत वाचला, बिनाचष्म्याचा, 6/6. एरवी इथेच कुणी म्हणालं असतं की तुमची नजर उत्तम आहे. डॉक्टरांनी काही न बोलता माझ्यापुढे प्लस एक घातला आणि म्हणाल्या वाचा. वाचलं. प्लस दीड, तरीही शेवटची ओळ वाचली. प्लस दोनला मात्र ती फुटली. यात गंमत अशी की ज्याचा डोळा नॉर्मल आहे त्याच्यापुढे प्लस दीड धरला तर त्याला लांबचं पुसट दिसायलाच पाहिजे, कारण त्याचे किरण आधीच बरोबर पडद्यावर पडतायत, त्यांना अजून आत वाकवलं की ते अलीकडेच मिळणार. मला पुसट दिसलं नाही याचा अर्थ माझा डोळा मुळात दीडने कमी पडत होता आणि ती कसर इतकी वर्षं आतला स्नायू भरून काढत होता, काचेने ते काम उचललं तसा तो सुटला.

हाच तो प्लस नंबर, पुस्तकात ज्याला दूरदृष्टिता म्हणतात. बहुतेक वेळा डोळा पुढून मागे थोडा आखूड असतो आणि किरण पडद्याच्या मागे मिळायला जातात. आकृतीत आपण काढतो की लांबचं दिसतं, जवळचं दिसत नाही, पण ती आकृती अर्धीच गोष्ट सांगते, कारण अशा डोळ्याला लांबचं बघायलाही कष्ट पडतात, फक्त वय कमी असताना ते कळत नाहीत. माझा हिशोब डॉक्टरांनी मांडून दाखवला. चाळीस सेंमीवर पेपर वाचायला नॉर्मल डोळ्याला अडीच डायॉप्टर फुगावं लागतं. मला अडीच अधिक माझे कसरीचे दीड, म्हणजे चार. माझ्या वयाला भिंग फार तर सहा-सात डायॉप्टर फुगू शकतं आणि त्यातलं साधारण निम्मंच आरामात, तासन्‌तास वापरता येतं. म्हणजे मी रोज माझ्या आरामाच्या हद्दीबाहेर काम करत होते. प्लस दीडच्या चष्म्याने तो भार परत अडीचवर आला. आणि ज्या चाळिशीची सगळे वाट बघतात ती वेगळी गोष्ट, तिच्यात डोळ्याची लांबी ठीक असते पण भिंगच कडक होत जातं, उपाय मात्र तोच प्लसचा. प्लस नंबर अंगात असणाऱ्याला चाळिशी इतरांच्या आधी जाणवते.

चष्मे आले तेव्हा दुकानातल्या दादांनी मशीनवर नंबर तपासला, पण मी म्हटलं हातानेही दाखवा, मला वर्गात दाखवायचंय. त्यांनी लेकीचा चष्मा हातभर लांब धरून काचेतून दाराच्या उभ्या चौकटीकडे बघायला सांगितलं आणि चष्मा हळूच आडवा सरकवला. काचेतली चौकट चष्म्याबरोबरच त्याच दिशेला सरकत होती, म्हणजे मायनस. माझ्या चष्म्यातली उलट दिशेला जात होती, म्हणजे प्लस. मग पेटीतली प्लस अडीचची काच लेकीच्या काचेला चिकटवून धरली आणि परत सरकवला, तर चौकट जागची हललीच नाही. जेवढं एकाने बाहेर वाकवलं तेवढं दुसऱ्याने आत. नंबर बरोबर बनलाय याचा याहून सोपा पुरावा नाही. दादांनी दोन्ही काचांवर पेनाने ठिपकाही करून दाखवला, काचेचा तो मधला न वाकवणारा बिंदू बाहुलीसमोर येतोय का बघायला. तो बाजूला सरकला तर नंबर बरोबर असूनही डोळे ओढल्यासारखे वाटतात.

घरी माजघरात अंधार करून उघड्या दारासमोरच्या भिंतीजवळ माझा चष्मा धरला. काच भिंतीपासून 66-67 सेंमीवर आली तेव्हा भिंतीवर अंगण उमटलं, उलटं, पोफळी खाली डोकं वर बुंधा, फिकट पण ओळखू येईल असं. 100 भागिले 1.5 करून बघा, तेच अंतर. लेकीच्या चष्म्याने असं चित्र कुठल्याच अंतरावर येत नाही, उन्हात कागदावर धरला तर मध्ये करडी सावली आणि भोवती उजळ कड पडते, मधला प्रकाश कडेला ढकलला जातो तो असा डोळ्याने दिसतो. वर्गात हे केलं तर कुणी काचेतून सूर्याकडे बघणार नाही एवढं मात्र सांभाळा.

लेकीला पहिले काही दिवस जमीन किंचित वाकडी आणि पायऱ्या लांब वाटल्या, मग सवय झाली. मला उलट लांबचं थोडं पुसट वाटायचं, कारण इतक्या वर्षांचा आवळलेला स्नायू एकदम सैल सोडत नाही, डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. आमच्या सासूबाईंना धास्ती की एवढ्यात चष्मा लावला तर नंबर वाढेल. तसं नाहीये. या वयात डोळ्याची लांबी वाढत असते म्हणून नंबर वाढतो, आणि चष्मा न लावता किंवा मुद्दाम कमी नंबर देऊन ती वाढ थांबत नाही, उलट पोरगी फळ्यावरचं निम्मं चुकवते. उन्हात, बाहेर जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांमध्ये मायनस नंबर लागण्याचं प्रमाण कमी असतं एवढं मात्र सिद्ध झालंय, म्हणून संध्याकाळी तिला किनाऱ्यावर पाठवतेच.

सहा महिन्यांनी परत तपासणी आहे. तोवर मी अधूनमधून फूटपट्टी काढते, चष्मा उतरवून, एक डोळा झाकून, भरपूर उजेडात बारीक छापील अक्षर, फुटायला लागलं की थांबायचं. चाळीसच्या जागी 33 आलं तर नंबर तीनला पोचला, 36 च्या आसपास आलं तर पावणेतीन. सिलिंडर नंबर, म्हणजे एकाच डोळ्यात उभ्या-आडव्या दिशांना वेगवेगळा नंबर, असेल तर हे माप फसतं, आणि पोरगी दमलेली असली तरी दोन-तीन सेंमी इकडेतिकडे होतं, म्हणून यावरून चष्मा बनवायचा नाही. पण दोन्ही डोळ्यांच्या अंतरात एकदम फरक दिसायला लागला तर सहा महिन्यांची वाट न बघता आधीच दापोली गाठायची, हे डॉक्टरांनी चिठ्ठीवरच लिहून दिलंय.